आमच्या मावशी बाळाचा कान का कोरत नाहीत?

मालिश-अंघोळीसाठी मावशी यायला लागल्या की दोन-तीन दिवसांत फोन येतो, "अंघोळ छान घालतात हो, पण कान तसेच ठेवतात." आम्ही तसं मुद्दामच सांगितलेलं आहे. त्यांच्या पिशवीत बड नसतात, आणि कानात-नाकात तेलही त्या घालत नाहीत.

कानातला पिवळसर मळ म्हणजे घाण नव्हे. कानाच्या नळीच्या बाहेरच्या भागातल्या ग्रंथी तो तयार करतात. त्याने नळीची नाजूक त्वचा कोरडी पडत नाही, पाणी मुरत नाही, जंतू आणि बुरशीला आळा बसतो. शिवाय नळीची त्वचा आतून बाहेर हळूहळू सरकत असते. दूध ओढताना बाळाचा जबडा हलतो, त्याचीही मदत होते आणि मळ आपोआप कानाच्या तोंडाशी येतो.

बड फिरवला की टोकाला थोडा पिवळा रंग लागतो, आणि कान साफ झाला असं वाटतं. उरलेला मळ मात्र आत ढकलला जातो, तिथे तर तो तयारही होत नाही. रोज असं झालं की त्याचा घट्ट बोळा बसतो आणि तो डॉक्टरांकडूनच काढावा लागतो. बाळाची नळी आखूड असते, पडदा जवळ असतो. बड आत असताना बाळाने मान झटकली तर पडद्याला इजा होऊ शकते.

"पण कानाला आंबूस वास येतो!" बहुतेकदा तो कानामागच्या घडीतला असतो. आडवं असताना ओठांतून ओघळलेलं दूध तिथे साचतं. मावशी कोमट पाण्यात पिळलेल्या मलमलने ती घडी आणि बाहेरची पाळी पुसतात, मग टिपून कोरडी करतात. कानातूनच पाणी, पू किंवा रक्त आलं, तर मात्र कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

नाकाचंही तसंच. शिंकून बाळ नाक स्वतःच मोकळं करतं. नाक चोंदून दूध ओढता येत नसेल, तर डॉक्टरांना विचारून औषधाच्या दुकानातले सलाईनचे थेंब दूध पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन घालावेत. घरी मीठ-पाणी कालवू नये, प्रमाण चुकतं. मिनिटभराने शेंबूड ओढायचा रबरी फुगा आधी नाकाबाहेर दाबावा, मग तसाच नाकपुडीच्या तोंडाशी धरून हलकेच सोडावा. वारंवार ओढलं तर आतून सूज येते. तेल टाळायचं कारण वेगळं: ते श्वासाबरोबर फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. श्वास घेताना नाकपुड्या फुलत असतील, बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर थेंबांत वेळ न घालवता दवाखाना गाठा.

आजींना हे पटवणं अवघड, हे आम्हालाही माहीत आहे. म्हणून पहिल्या दिवशी मावशी कान-नाक पुसून दाखवतात, तेव्हा त्यांनाही जवळ बसवा. याचे वेगळे पैसे नाहीत. मलमलचे तुकडेही आमच्याच संचात असतात, फक्त रोज धुऊन उन्हात वाळवा.