आर्थिक खंदक

एखाद्या कंपनीचा भरघोस नफा प्रतिस्पर्ध्यांच्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षे टिकून राहतो. तो टिकवून धरणाऱ्या रचनात्मक अडथळ्याला आर्थिक खंदक म्हणतात. भुईकोट किल्ल्याभोवतीच्या पाण्याने भरलेल्या खंदकावरून ही उपमा आली. अमेरिकी गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी भागधारकांना लिहिलेल्या १९८६ सालच्या पत्रात गायको या विमा कंपनीच्या कमी खर्चाला खंदक म्हटले आणि पुढे हा शब्द शेअर बाजारात रूढ झाला. मराठीत ‘मोट’ हा मूळ इंग्रजी शब्दही ऐकू येतो. विहिरीवरच्या मोटेशी त्याचा संबंध नाही.

या संकल्पनेच्या मुळाशी एक साधे कोडे आहे. नफा दिसला की नवे भांडवल त्या धंद्यात शिरते, मालाचे भाव उतरतात आणि परतावा भांडवलाच्या खर्चाइतका खाली येतो. बहुतेक धंद्यांत असेच घडते. जिथे घडत नाही, तिथे नवागताला नेमके काय जमत नाही, हे शोधावे लागते. माल चांगला आहे किंवा व्यवस्थापक हुशार आहे एवढे उत्तर पुरत नाही, कारण मालाची नक्कल करता येते आणि माणूस जास्त पगारावर नेता येतो. नाममुद्रा, ग्राहकाला दुसरीकडे जाण्याचा त्रास, वापरणारे वाढतील तशी सेवेची वाढणारी उपयुक्तता आणि कमी खर्च ही खंदकाची नेहमीची उगमस्थाने मानली जातात. प्रत्यक्षात ती एकमेकांत गुंतलेली असतात. भारतातील घरगुती रंगांच्या धंद्यात ही गुंतागुंत स्पष्ट दिसते.

एशियन पेंट्स ही कंपनी १९४२ मध्ये मुंबईत चार मित्रांनी सुरू केली. त्या वेळी बाजार परदेशी कंपन्यांच्या हाती होता आणि शहरांतले मोठे घाऊक व्यापारी त्यांच्याशी बांधलेले होते. नव्या कंपनीला त्यांच्याकडे थारा मिळेना, म्हणून ती घाऊक व्यापाऱ्याला वगळून थेट लहान गावांतील दुकानदारांकडे गेली. महाराष्ट्रात पोळ्याला बैलांची शिंगे रंगवण्यासाठी शेतकऱ्याला थोडासाच रंग लागतो, हे हेरून कंपनीने लहान डबे काढले, असे सांगितले जाते. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये रेखाटलेला गट्टू हा कंपनीचा शुभंकर घरोघरी पोचला आणि १९६७ पर्यंत कंपनी देशात पहिल्या क्रमांकावर आली. प्रसिद्धी गट्टूला मिळाली, पण खरा खंदक त्या थेट दुकानदारीने खणला.

त्याचे कारण रंगाच्या स्वभावात आहे. डबा जड असतो, वजनाच्या मानाने स्वस्त असतो, आणि शेड, प्रकार व आकारमान धरले तर मालाचे हजारो नग होतात. दुकान मात्र लहान असते. गिऱ्हाइकाला हवा तो डबा नसला तर तो पुढच्या दुकानात जातो. सगळेच डबे ठेवावेत तर पैसा अडकून पडतो. म्हणून दुकानदाराच्या दृष्टीने ‘माल किती लवकर येतो’ हा प्रश्न ‘कमिशन किती’ याच्याइतकाच मोठा असतो.

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. एक दुकानदार दोन कंपन्यांचा प्रत्येकी १२ लाख रुपयांचा रंग वर्षाला विकतो. पहिलीचा माल मागितल्या दिवशी येतो, त्यामुळे १ लाखाचा साठा पुरतो. ती ५ टक्केच सुटू देते, म्हणजे वर्षाला ६० हजार रुपये. अडकलेल्या पैशावर ६० टक्के. दुसरीचा माल पंधरवड्याने येतो, म्हणून ३ लाखांचा साठा ठेवावा लागतो. ती ८ टक्के देते, म्हणजे ९६ हजार रुपये. पण अडकलेल्या पैशावर ३२ टक्केच. पहिलीची बरोबरी करायची तर दुसरीला १५ टक्के द्यावे लागतील, आणि तेवढे दिले तर तिच्या हाती फारसे काही उरत नाही. मग तिनेही रोज माल का पोचवू नये? कारण रोजची गाडी भरलेली असली तरच परवडते, ती भरायला त्या भागात खप हवा, आणि खप रोजच्या गाडीशिवाय वाढत नाही. नवागत या चक्रात अडकतो.

एशियन पेंट्सने १९७० च्या दशकातच संगणक वापरायला सुरुवात केली. कुठल्या भागात कुठल्या महिन्यात कोणता डबा जाईल याचा अंदाज जितका नेमका, तितका गोदामातला साठा कमी. पुढे दुकानात रंग मिसळून देणारी टिंटिंग यंत्रे आली. पांढऱ्या बेसमध्ये रंगद्रव्य घालून हवी ती शेड तिथेच तयार होऊ लागली. असे यंत्र दुकानातली मोक्याची जागा अडवते, आणि दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला ती जागा नसते. अमेरिकेतील बलाढ्य शेरविन-विल्यम्सने भारतातील घरगुती रंगांचा व्यवसाय २०१३ मध्ये बर्जर पेंट्सला विकला. रंग बनवण्याच्या ज्ञानात ती कमी होती असे कोणी म्हणणार नाही.

खंदक रंगात नसून वाटपात आहे, याचा आणखी एक पुरावा कंपनीच्या घरातच सापडतो. एशियन पेंट्स मोटारींच्या रंगातही आहे, पण तिथे कन्साई नेरोलॅक ही प्रतिस्पर्धी कंपनी पुढे आहे. तिथे गिऱ्हाईक म्हणजे मोजके कारखाने. लाखभर दुकानांचे जाळे तिथे कामाचे नाही. खंदकाला हद्द असते, आणि ती न पाहता कंपनीच्या सगळ्याच व्यवसायांना मजबूत ठरवणे ही विश्लेषकांची नेहमीची चूक आहे.

खंदक ओळखताना भांडवलावरील परतावा किमान दहा वर्षांचा, तेजी-मंदी दोन्ही धरून पाहावा. मोठा बाजारहिस्सा हा पुरावा नव्हे. दरवाढीचीही परीक्षा जपून घ्यावी: कच्चा माल महागल्यावर सगळ्याच कंपन्या भाव वाढवतात, त्यातून एकीचे वेगळे बळ सिद्ध होत नाही. आत शिरलेल्यांचे काय झाले, ही जास्त भरवशाची खूण.

त्या दृष्टीने अलीकडचा काळ महत्त्वाचा आहे. आदित्य बिर्ला समूहाच्या ग्रासिमने फेब्रुवारी २०२४ मध्ये बिर्ला ओपस ही नाममुद्रा आणली. १०,००० कोटी रुपयांची गुंतवणूक आणि सहा कारखाने, त्यांपैकी एक रायगड जिल्ह्यातील महाडला. हा नवागत रिकाम्या हाताने आलेला नव्हता. समूहाची बिर्ला व्हाइट पुट्टी याच दुकानांत आधीपासून विकली जात होती, म्हणजे दुकानदाराशी देवघेव जुनीच होती. २०२४-२५ मध्ये एशियन पेंट्सची विक्री सुमारे साडेचार टक्क्यांनी आणि निव्वळ नफा सुमारे एक तृतीयांशाने घटला. त्यात मंदावलेल्या मागणीचा आणि काही गुंतवणुकींचे मूल्य कमी दाखवावे लागल्याचाही वाटा होता, त्यामुळे सगळी घट स्पर्धेच्या खात्यावर टाकता येत नाही.

जुलै २०२५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने ग्रासिमच्या तक्रारीवरून एशियन पेंट्सच्या चौकशीचा आदेश दिला. प्रतिस्पर्ध्याचा माल ठेवू नये म्हणून दुकानदारांवर दबाव आणला जातो, असा तक्रारीतला आरोप होता. चौकशीचा आदेश म्हणजे दोषनिश्चिती नव्हे. पण तत्परतेने माल पोचवून दुकानदार आपला करणे आणि दुसऱ्याकडे जाण्यापासून त्याला अडवणे, या दोहोंचा परिणाम ताळेबंदात सारखाच दिसतो. कायद्याच्या नजरेत पहिले कौशल्य आहे आणि दुसरे प्रभुत्वाचा गैरवापर.