रात्री अडीचला राउटर स्वतःहून बंद का होतो?

इंदूरच्या रामबागेत राहणारा माझा मावसभाऊ अमेरिकेतल्या एका ग्राहकासाठी रात्री काम करतो. गेल्या महिन्यात ऐन मीटिंगमध्ये, अडीचच्या सुमारास, त्याचं नेट गेलं. राउटरचे सगळे दिवे एकदम विझले, पॉवरचा परत लागला, कंपनीशी फायबरवरून जोडणी दाखवणारा PON चा हिरवा दिवा बराच वेळ लुकलुकत राहिला. फायबरमधून सिग्नल येईनासा झाला की लागणारा LOS चा लाल दिवा मात्र लागलाच नाही. चार मिनिटांनी सगळं पूर्ववत झालं. सकाळी साडेसातला आम्ही ब्राउझरमध्ये 192.168.1.1 हे राउटरच्या सेटिंगचं पान उघडून पाहिलं, तर राउटर सुरू होऊन पाच तास झालेले आणि Software Version चा आकडा बदललेला. फायबर तुटली असती तर लाल दिवा लागला असता, आणि नुसती वीज गेली असती तर व्हर्जन बदललं नसतं. म्हणजे इंटरनेट कंपनीने बाहेरूनच राउटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, बदललं होतं. "दादा, एक मेसेज तरी टाकायचा ना यांनी!" तो म्हणाला. त्याचं म्हणणं मला पूर्ण पटतं. पण न विचारण्याची ही पद्धत कशी पडली, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

आधी हे काम ग्राहकाचंच होतं. मॉडेम बनवणाऱ्याच्या साइटवरून फाइल घ्यायची, लॅन केबल जोडायची आणि फाइल चढवायची. घरोघरी हे कोण करणार? 2004 मध्ये डीएसएल फोरम या ब्रॉडबँड उद्योगाच्या संघटनेने टीआर-069 हा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी आपसात बोलायचे नियम, आणला. त्यात राउटर ठरावीक वेळाने कंपनीच्या सर्व्हरला हाक मारतो, आपलं मॉडेल आणि व्हर्जन सांगतो. सर्व्हरला हवं असेल तर तो `Download` ही आज्ञा आणि फाइलचा पत्ता देतो. या संवादात दोनच पक्ष आहेत, यंत्र आणि कंपनी. घरातल्या माणसासाठी त्यात जागाच ठेवलेली नव्हती.

पुढे टीआर-069 च्या 2010 मधल्या सुधारणेत ती जागा झाली. `ScheduleDownload` या नव्या आज्ञेत वेळेची चौकट देता येते, आणि त्यात `4 Confirmation Needed` असा एक पर्यायही आहे: ग्राहकाने होकार दिला तरच अपडेट. पण ही आज्ञा राउटरमध्ये असलीच पाहिजे असं बंधन नव्हतं. त्यातच कंपन्यांना ग्राहकाच्या होकारावर थांबायची धास्ती वाटायला लागेल अशा घटना पुढे घडल्या.

2014 मध्ये चेक पॉइंटच्या संशोधकांनी राउटरमधल्या रॉमपेजर या वेब सर्व्हरमधली एक चूक उघड केली. मूळ कंपनीने ती 2005 मध्येच दुरुस्त केली होती, तरी जगभरात सुमारे 1 कोटी 20 लाख उपकरणं जुन्याच व्हर्जनवर चालत होती. दुरुस्ती तयार होती, पण घरापर्यंत पोहोचलीच नव्हती. मग नोव्हेंबर 2016 मध्ये मिराई या उपकरणांचा ताबा घेणाऱ्या व्हायरसच्या एका प्रकाराने राउटरचा 7547 हा पोर्ट, म्हणजे नेटवरून आत यायचं एक दार, ठोठावायला सुरुवात केली. कंपनीचा सर्व्हर राउटरला जागं करतो तो याच पोर्टवरून. जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे 9 लाख ग्राहकांचे राउटर कोलमडले. अशा वेळी दुरुस्ती त्याच दिवशी पाठवावी लागते. 'रविवारी दुपारी करा' म्हणणारा एक राउटरसुद्धा तोवर उघडा राहतो.

रात्रीची वेळ निवडण्याचं कारण साधं आहे: बहुतेक लोक तेव्हा झोपलेले असतात. शिवाय सगळ्या शहराचे राउटर एकदम बदलत नाहीत. आधी थोडे, मग ते नीट चालतायत हे पाहून पुढची तुकडी. नवं व्हर्जन बिघडलेलं निघालं तर नुकसान थोड्यांपुरतंच राहतं. प्रत्येकाने आपापली वेळ सांगितली तर या तुकड्या पाडणं खरोखर अवघड होतं.

फायबरवर तर कंपनीचा हात आणखी लांब पोहोचतो. फायबर ज्याला जोडलेली असते त्या घरातल्या यंत्राला, म्हणजे ओएनटीला, कंपनीच्या एक्सचेंजमधलं ओएलटी हे यंत्र थेट ओएमसीआय या नियंत्रणाच्या वाहिनीवरून फर्मवेअर पाठवू शकतं. ओएनटीत दोन कप्पे असतात. एकावर नेट चालू असतं आणि दुसऱ्यात नवी फाइल गुपचूप उतरत असते. ती तपासून झाली की ओएनटी रीस्टार्ट होऊन नव्या कप्प्यावरून उठतो. नवं व्हर्जन पक्कं करण्याआधी गडबड झाली, तर पुढच्या रीस्टार्टला जुनं परत येतं.

माझी तक्रार नेमकी इथे आहे. फाइल उतरवणं आणि रीस्टार्ट करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ग्राहकाला झळ बसते ती फक्त दुसऱ्याची. तातडीची दुरुस्ती सोडली, तर त्या चार मिनिटांसाठी आदल्या दिवशी मेसेज पाठवणं कंपनीला सहज जमण्यासारखं आहे. रात्रपाळीचे लोक आता इंदुरात गल्लोगल्ली आहेत.

भावाने शेवटी ओएनटी ब्रिज मोडवर करून घेतला, म्हणजे तो आता नेट नुसतं पुढे पोहोचवतो, आणि मागे स्वतःचा राउटर लावला. त्या राउटरचं अपडेट तो रविवारी दुपारी, सगळे जेवायला बसले की करतो. ओएनटी मात्र अजूनही कंपनीच्याच वेळेने रीस्टार्ट होतो, म्हणून रात्री मीटिंग असली की फोनचं हॉटस्पॉट तो आधीच सुरू करून ठेवतो.