भाड्याच्या घरातील डीबी बॉक्स

दाराजवळच्या भिंतीवर एमसीबींची, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणाऱ्या खटक्यांची, जी पेटी असते, तिला वायरमन डीबी बॉक्स म्हणतात. मीटरकडून आलेली वीज इथे वेगवेगळ्या लाइनींत वाटली जाते. भाड्याच्या घरात प्रत्येक खटक्याखाली आधीच्या कुणीतरी पेनाने नावे लिहिलेली असतात. ती नावे कामाची असतात, पण तपासल्याशिवाय त्यांवर विसंबू नये. खटक्यावर छापलेला आकडा मात्र पक्का असतो.

पुण्यातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमधली अशी पेटी फोटोत पाहू. डावीकडचा रुंद खटका मेन, त्यावर ४०. तो पाडला की बाहेरून येणारी वीज पूर्ण तुटते. शेजारच्या रुंद खटक्यावर ‘टी’ अक्षराचे छोटे बटण आहे, नाव काहीच नाही. हा आरसीसीबी. विजेची गळती ३० मिलिअँपिअरच्या आसपास गेली की तो पडतो आणि शॉक लागलेल्या माणसाचा जीव वाचवू शकतो. बटण दाबून तो पडला नाही, तर वायरमनला बोलवावे.

पुढे ‘हॉल’ सी ६, ‘किचन’ सी १६, ‘एसी’ सी २० आणि ‘गिझर’ सी १६. ‘गिझर’ निळ्या पेनाने खोडून वर ‘वॉ. म.’ लिहिले आहे. ‘सी’ हा खटक्याचा प्रकार, आणि आकडा म्हणजे तो खटका न पडता सतत किती अँपिअर भार घेऊ शकतो. २००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतो, म्हणजे १६ पुरेसा. पण त्याच लाइनवर पाणी तापवणारे वॉशिंग मशीनही असेल, तर दोन्ही मिळून १६ ओलांडू शकतात आणि बराच वेळ चालले तर एमसीबी पडू शकतो. खोडलेल्या नावाचे कारण बहुधा हेच.

शेवटचा खटका खरा काळजीचा. त्याखाली ‘बेड लाइट’, आणि वर सी २०. दिव्यांच्या लाइनला साधारण दीड चौरस मिलिमीटरची तार असते आणि तिला ६ किंवा १० चा एमसीबी रास्त. सारखा पडतो म्हणून कुणी २० चा बसवला असेल, तर तार तापून तिचे आवरण खराब होऊ लागले तरी तो पडेलच असे नाही. अर्थात नाव चुकले असेल आणि ही लाइन दुसऱ्या बेडरूमच्या एसीची असेल, तर सगळे ठीक आहे.

हे फोटोवरून ठरत नाही. कॉम्प्युटर बंद करून घरातले सगळे दिवे-पंखे लावावेत, एकजण पेटीपाशी उभा राहील, दुसरा खोल्यांतून फिरेल. एकेक खटका पाडून काय बंद झाले ते लिहून घ्यावे. सॉकेटसाठी मोबाइलचा चार्जर लावून बघितले तरी चालते. २० चा खटका पाडल्यावर खरोखर बेडरूमचे दिवेच गेले, तर घरमालकाला कळवून वायरमनकडून तार तपासून घ्यावी.

मेन पाडूनही एखादा दिवा चालू राहिला, तर ती लाइन बहुधा इन्व्हर्टरवर आहे. तिथे हात लावण्याआधी इन्व्हर्टर बंद करून दिवा विझल्याची खात्री करावी लागते.