अकराव्या दिवशीचा न पाठवलेला मेसेज

दोन मैत्रिणी ठरवतात: एकीने रोज 40 मिनिटं प्रबंध लिहायचा, दुसरीने तेवढाच वेळ जर्मन शिकायचं आणि रात्री नऊला एकमेकींना कळवायचं. दहा दिवस झकास जातात. अकराव्या दिवशी पहिलीचं लिखाण होत नाही. ‘उद्या दोन्ही दिवसांचं एकदम सांगते’ म्हणून ती मेसेज टाळते. दुसरी संकोचाने विचारत नाही. आठवड्याभरात दोघी गप्प.

मोडलं ते काम नव्हे, कळवणं. 2016 साली मानसशास्त्रज्ञांनी 138 प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. स्वतःच्या प्रगतीवर नजर ठेवायला लावलेल्यांना ध्येय गाठणं जास्त जमलं होतं. नोंद लिहून ठेवली किंवा ती दुसऱ्यांसमोर मांडली, तर परिणाम आणखी मोठा होता. पण आकडा वाईट असेल असं वाटलं की माणूस तो बघायचंच टाळतो. संशोधक याला ‘शहामृग समस्या’ म्हणतात. म्हणजे कळवण्याची गरज सर्वांत जास्त असते, नेमकं त्याच दिवशी आपण तोंड लपवतो.

म्हणून पहिला नियम हा असावा: बांधिलकी मेसेजची, कामाची नव्हे. ‘40 ठरली होती, 0 झाली, उद्या सकाळी सातला बसणार’ हा पूर्ण मेसेज झाला. कारणं द्यायची नाहीत, समोरच्याने मागायची नाहीत. रोज आठवण करून देणं हेही सोबत्याचं काम नाही. ओळीने दोन मेसेज चुकले, तरच एक फोन करायचा.

दंड ठेवावा का? मी ठेवणार नाही. इस्राएलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला. उशीर कमी होण्याऐवजी जवळपास दुप्पट झाला आणि दंड काढून टाकल्यावरही तो उतरला नाही. या प्रयोगाचा अहवाल 2000 साली प्रसिद्ध झाला. संकोचाची जागा पैशाने घेतली होती. दोघांच्या करारातही टिकवायचा असतो तो हा संकोचच.

मग सोबती कसा निवडायचा? सर्वांत जवळचं माणूस बहुधा नको; ते लगेच समजून घेतं किंवा लगेच रागावतं. ज्याला ‘नाही झालं’ एवढंच लिहून थांबता येईल आणि ज्याचं स्वतःचंही काही पणाला लागलेलं आहे, असं कुणी बघावं. दोघांची ध्येयं वेगळी असली तर उत्तम, तुलना आपोआप टळते. आधी दोनच आठवड्यांचा करार करावा, म्हणजे न जमल्यास अवघडल्याशिवाय थांबता येतं.

करार ढिला पडतोय हे मेसेजच्या भाषेवरून कळतं. ‘25 मिनिटं’च्या जागी ‘बऱ्यापैकी झालं’ येऊ लागलं, की त्याच रात्री एवढंच विचारावं: किती मिनिटं?