एका फटीचा उजेड आणि त्यातला नेमका अंधार

दोन फटींच्या प्रयोगात एक नियम पाठ झालेला असतो: दोन किरणांच्या वाटांमध्ये एका तरंगलांबीचा फरक पडला की पडद्यावर उजेड. पुढच्याच धड्यात एक फट येते आणि तिथे लिहिलेलं असतं, a sin θ = λ असेल तिथे अंधार. समीकरण दिसायला जवळपास तेच, उत्तर मात्र उलटं. बहुतेक जण दोन्ही पाठ करतात आणि परीक्षेत अदलाबदल करून येतात. पाठ करायची खरं तर गरजच नाही, कारण दोन्ही ठिकाणी मोजतो ती गोष्टच वेगळी आहे.

दोन फटींमध्ये आपण दोनच उगम धरतो. एका फटीत मात्र एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत असंख्य उगम ओळीने बसलेले असतात. फटीच्या रुंदीतला प्रत्येक बिंदू आपली स्वतंत्र लहर पुढे पाठवतो, हे ह्युगेन्सचं तत्त्व. सूत्रातला a म्हणजे फटीची रुंदी, θ म्हणजे सरळ दिशेपासूनचा कोन आणि λ म्हणजे तरंगलांबी. a sin θ हा फटीच्या दोन कडांवरून निघालेल्या लहरींच्या वाटांमधला फरक सांगतो, आणि कडांच्या मधे काय चाललं आहे ते त्यातून दिसत नाही. सगळी गंमत त्या मधल्या भागात आहे.

समजा θ या कोनात वरच्या आणि खालच्या कडेच्या लहरींत बरोबर एका तरंगलांबीचा फरक पडतो. आता फटीचे मनातल्या मनात दोन समान भाग करा. वरच्या कडेचा बिंदू आणि फटीच्या बरोबर मधला बिंदू, यांच्या वाटांत अर्ध्या तरंगलांबीचा फरक आहे. म्हणजे एकाची लहर वर चढलेली असते तेव्हा दुसऱ्याची खाली उतरलेली, आणि दोघी एकमेकींना पुसून टाकतात. वरच्या कडेपासून जरा खाली सरका आणि मध्यापासूनही तेवढंच खाली सरका, ती जोडीही तशीच मिटते. वरच्या अर्ध्यातल्या प्रत्येक बिंदूला खालच्या अर्ध्यात असा एक जोडीदार मिळतो आणि कुणीच उरत नाही. म्हणून अंधार. दोन कडांच्या लहरी एकमेकींशी जुळतात हे खरंच आहे, पण त्या दोघींनाही आपापल्या जोडीदाराने आधीच मिटवलेलं असतं.

मग कडांमधला फरक अर्ध्या तरंगलांबीचा असेल तर? तिथे अंधार असणार असं पहिल्यांदा वाटतं. पण त्या कोनात फक्त दोन कडाच एकमेकींना मिटवतात. मधल्या बाकी बिंदूंना पुरेसा विरुद्ध जोडीदारच नसतो. गणित केलं तर तिथे मध्यबिंदूच्या सुमारे ४० टक्के उजेड शिल्लक असतो, म्हणजे अजून आपण मधल्या पट्ट्यातच आहोत.

फरक दोन तरंगलांबींचा झाला की फटीचे चार भाग करायचे. पहिला दुसऱ्याला मिटवतो, तिसरा चौथ्याला, आणि पुन्हा अंधार. तीनला सहा भाग. यातून सरसकट नियम मिळतो:

a sin θ = mλ, m = ±1, ±2, ±3 …

यात शून्य नाही, आणि चूक नेमकी इथेच होते. समोर सरळ, θ शून्य असताना, सगळ्या लहरींच्या वाटा सारख्याच असतात आणि तिथे सर्वांत जास्त उजेड पडतो. अंधाराच्या ओळीतली मधली एक जागा अशी रिकामी राहते, त्यामुळे मधला पट्टा −1 पासून +1 पर्यंत पसरतो आणि बाजूच्या प्रत्येक पट्ट्याच्या दुप्पट रुंद होतो. दीड तरंगलांबीच्या आसपास फटीचे तीन भाग पडतात, दोन एकमेकांना मिटवतात आणि एक उरतो. तोही स्वतःशी पूर्ण जुळलेला नसतो, म्हणून पहिल्या बाजूच्या पट्ट्याचा उजेड मधल्याच्या जेमतेम ५ टक्के असतो.

आता आकडे घालू. लाल लेसर पॉइंटरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर, फट ०.१ मिमी, पडदा २ मीटरवर. λ/a आला ०.००६५, आणि एवढ्या लहान कोनासाठी sin θ म्हणजेच रेडियनमधला θ. अंशात तो जेमतेम ०.३७ भरतो. २ मीटरवर पहिला अंधार मध्यापासून १३ मिमी, दुसरा २६, तिसरा ३९. पडद्याचं अंतर D धरलं तर मधल्या पट्ट्याची रुंदी 2λD/a, म्हणजे २६ मिमी. फट निम्मी केली तर पट्टा ५२ मिमी होतो. उजेडाला वाट जितकी अरुंद द्यावी तितका तो जास्त पसरतो, आणि या पसरण्यालाच विवर्तन म्हणतात. आणि तो पसरतो फटीला आडवा: फट उभी असेल तर पट्टे डावी-उजवीकडे दिसतात.

उलट दिशेनेही जाता येतं. दाढीच्या ब्लेडच्या दोन कडा जवळ आणून फट केली की तिची रुंदी पट्टीने मोजता येत नाही, पण पडद्यावरचे पट्टे ती सांगतात. त्यासाठी मधल्या पट्ट्याच्या कडा मोजू नयेत. तो इतका झगझगीत असतो की डोळा अंधाराची नेमकी जागा चुकवतो. डावीकडचा तिसरा अंधार आणि उजवीकडचा तिसरा अंधार यांच्यावर पेन्सिलीने खुणा करा, अंतर ७८ मिमी आलं तर त्याला ६ ने भागा, ५ किंवा ७ ने नव्हे. १३ मिमी मिळाले, आणि a = λD/१३ मिमी म्हणजे ०.१ मिमी. पट्टे एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ होत पंख्यासारखे उघडत असतील तर ब्लेड समांतर नाहीत. फट किरणाला तिरकी असेल तर तिची परिणामी रुंदी घटते आणि उत्तर कमी येतं. अर्थात लेसर पडद्यावरच बघायचा, डोळ्यात नाही.

पडदाही पुरेसा दूर हवा. किती दूर, ते a²/λ ठरवतं, आणि पडदा त्याच्या कित्येक पट लांब असला पाहिजे. ०.१ मिमीच्या फटीसाठी हे अंतर दीड सेंटीमीटर, त्यामुळे २ मीटर भरपूर झाले. १ मिमीच्या फटीसाठी ते दीड मीटर होतं, आणि मग २ मीटरवर वरचं सूत्र लागूच होत नाही. 'फट रुंद केली आणि पट्टेच गेले' या तक्रारीचं कारण बहुधा हेच असतं.

पांढऱ्या उजेडात रंगांचे अंधार वेगवेगळ्या जागी पडतात. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याचा पहिला अंधार ९ मिमीवर, लालचा १३ वर, म्हणून मधल्या पट्ट्याच्या कडा लालसर होतात. वाफ धरलेल्या काचेतून दिव्याभोवती दिसणारी रंगीत कडीही विवर्तनाचीच, फक्त तिथे फटीऐवजी पाण्याचे थेंब असतात. तिला कुणी 'तेजोवलय' म्हणून विकत असेल तर काच पुसून दाखवायला सांगावी.

फट फारच अरुंद झाली की लहान कोनाची सवलत संपते. १ मायक्रोमीटरच्या फटीत sin θ येतो ०.६५, म्हणजे कोन ४०.५ अंश. २ मीटरवर पहिला अंधार १.७१ मीटर दूर जातो, तर λD/a म्हणतं १.३. दुसऱ्या अंधारासाठी sin θ १.३ हवा, जे शक्यच नाही, म्हणून तो नसतोच. आणि फट तरंगलांबीपेक्षा लहान असेल तर पहिला अंधारही नसतो आणि उजेड समोरच्या सगळ्या बाजूंना पसरतो. दाराआडून हाक ऐकू येण्यात याचा मोठा हात आहे. ३४० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी सुमारे १ मीटर, आणि दार ९० सेंटीमीटरचं. ३४०० हर्ट्झला तरंगलांबी १० सेंटीमीटर होते आणि पहिला किमान बिंदू ६.४ अंशांवरच येतो. दाराच्या बाजूला उभं राहिलं की बोलण्यातले 'स' आणि 'श' आधी बोथट होतात ते यामुळेच. खोलीच्या भिंतींवरून परतणारा आवाज त्यांतले काही परत आणतो.