मनगटावरील प्रकाशीय नाडीमापन : चुकीच्या नोंदींची कारणे

स्मार्टवॉचच्या पाठीमागचे हिरवे दिवे त्वचेवर प्रकाश टाकतात आणि शेजारचा प्रकाशसंवेदक परत आलेला प्रकाश मोजतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत रक्त वाढते. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेत असल्याने परतणारा प्रकाश त्या क्षणी किंचित घटतो. या चढउतारांवरून ठोके मोजण्याच्या पद्धतीला फोटोप्लेथिस्मोग्राफी म्हणतात. मात्र परतलेल्या प्रकाशात नाडीमुळे बदलणारा भाग फारच थोडा, बहुधा शंभरात एक-दोन भाग किंवा त्याहूनही कमी असतो. बाकीचा प्रकाश त्वचा, ऊती आणि स्थिर रक्त यांच्याकडून येतो. त्यामुळे हा छोटासा भाग आणखी आटला किंवा त्याहून मोठा बदल दुसऱ्या कशामुळे झाला, तर आकडा चुकतो.

वजन उचलताना यांपैकी दुसरी गोष्ट घडते, आणि ती सर्वांत फसवी असते. डेडलिफ्टचे, म्हणजे जमिनीवरचा वजनदार बार दोन्ही हातांनी उचलून ताठ उभे राहण्याच्या व्यायामाचे, उदाहरण घेऊ. बार घट्ट पकडला की पुढच्या हाताचे स्नायू ताठरतात, मनगटाजवळचे स्नायुबंध ताणले जाऊन जागेवरून सरकतात, मनगटाचा घेर बदलतो आणि पट्ट्याखालचा दाब कमीजास्त होतो. या दाबाने शिरांमधील रक्त इकडेतिकडे ढकलले जाते. संवेदकाला दिसणारा हा बदल नाडीच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठा असतो. धावताना हाताच्या हालचालीने होणारी गडबड घड्याळ प्रवेगमापकाच्या मदतीने ओळखून वजा करू शकते. परंतु डेडलिफ्टमध्ये हात सरळ लोंबकळत असतात आणि बार सावकाश वर येतो, म्हणून प्रवेगमापकाच्या लेखी हात जवळजवळ स्थिरच असतो. गडबड स्नायूंच्या ताणातून आलेली असते आणि हा ताण मोजणारे काहीही घड्याळात नसते.

त्यात वेळेचा प्रश्न मिसळतो. आकडा दर क्षणी उड्या मारू नये म्हणून घड्याळ काही सेकंदांच्या नोंदींची सरासरी काढते. समजा, आठ उचलींचा संच अर्ध्या मिनिटात संपला आणि तेवढ्यात नाडी ९५ वरून १५० वर गेली. घड्याळ संच चालू असताना १०५च्या आसपास रेंगाळू शकते. बार खाली ठेवल्यावर मूठ सैल होते, संकेत स्वच्छ होतो आणि प्रत्यक्ष नाडी उतरू लागलेली असताना पडद्यावरचा आकडा चढतो. संचाऐवजी विश्रांतीच्या काळात शिखर दाखवणारा आलेख ही या बिघाडाची सर्वांत स्पष्ट खूण आहे. खर्च झालेल्या कॅलरींचा अंदाज नाडीवरून काढला जात असेल, तर तोही तितकाच डळमळीत समजावा.

थंडीत मात्र नाडीचा भागच आटतो. शरीराच्या गाभ्यातील उष्णता राखण्यासाठी हातांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यातून जाणारे रक्त कमी होते आणि लहर सपाट होत जाते. घड्याळ दिव्यांची प्रखरता वाढवू शकते, पण त्याने नाडीबरोबर स्थिर प्रकाशही वाढतो. दोहोंचे प्रमाण सुधारत नाही. पहाटेच्या धावेत सुरुवातीला आकडा गायब राहून किंवा भलताच येऊन, अंग तापल्यावर आपोआप ताळ्यावर आला, तर संशय थंडीवरच घ्यावा. घरातच थोडे अंग गरम करून निघणे आणि मनगट बाहीखाली ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय होय.

पट्टा सैल असला की संवेदक त्वचेवर घसरतो आणि फटीतून बाहेरचा प्रकाश आत शिरतो. धावताना हे घसरणे पावलांच्या तालात होते आणि नाडी शोधणारी प्रणाली कधीकधी त्याच तालाला नाडी समजते. खरी नाडी १३० असताना पावले मिनिटाला १७० पडत असतील, तर घड्याळ ठामपणे १७० दाखवू शकते. वेग तोच राखून काही वेळ आखूड, जलद पावले टाकली आणि आकडाही लगोलग पावलांइतका वाढला, तर घड्याळ पावलेच मोजत आहे असे समजावे. पट्टा मनगटाच्या हाडापासून एक-दोन बोटे वर, घसरणार नाही इतपत बसवावा. फार आवळल्यास दाबाने रक्तवाहिन्या चेपून लहर पुन्हा क्षीण होते.

शंका आल्यास थांबल्याबरोबर मानेवरची नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणावे. नाडी लगेच उतरू लागत असल्याने उशीर करू नये. वजनांच्या व्यायामात मात्र पट्टा नीट बांधूनही पकडीचा दोष जात नाही. तिथे हृदयाचे विद्युत संकेत टिपणारा छातीचा पट्टा अधिक भरवशाचा ठरतो, कारण त्याचे मोजमाप मनगटाच्या रक्तप्रवाहावर अवलंबून नसते. अर्थात त्याच्या इलेक्ट्रोडखालची त्वचा कोरडी असेल, तर पहिली काही मिनिटे त्याचाही आकडा भरकटू शकतो. म्हणून बांधण्याआधी इलेक्ट्रोड पाण्याने ओले करतात.