नियमपूर्व परिणाम मूल्यांकन

विधिमंडळाने केलेल्या कायद्याच्या आधारे सरकार, महापालिका किंवा नियामक आयोग जे नियम, विनियम व उपविधी करतात, ते करण्याआधी त्यांची गरज, खर्च आणि संभाव्य परिणाम पुराव्यानिशी तपासण्याची पद्धत. भारतात सर्व खात्यांना हे बंधनकारक करणारा एकच सर्वसाधारण कायदा नाही. केंद्राच्या २०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणात मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, त्यासोबत त्याचे कारण, आर्थिक भार आणि पर्यावरण, मूलभूत हक्क व उपजीविका यांवरील अंदाजित परिणाम द्यावेत, असे सांगितले आहे. हे धोरण आहे, कायदा नव्हे. काही नियामकांनी मात्र स्वतःला बांधून घेतले आहे. दिवाळखोरी मंडळाच्या २०१८ च्या विनियमांत प्रस्तावित विनियमाच्या खर्च-लाभाचे आर्थिक विश्लेषण करणे आणि लोकांना मतासाठी २१ दिवस देणे बंधनकारक आहे.

पूर्वप्रसिद्धी ही याहून जुनी आणि वेगळी गोष्ट. मूळ केंद्रीय कायद्यात 'पूर्वप्रसिद्धीच्या शर्तीवर' असे शब्द असतील, तर १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे कलम २३ लागू होते. मसुदा प्रसिद्ध करायचा, तो कोणत्या तारखेनंतर विचारात घेतला जाईल ते सांगायचे, तोपर्यंत आलेल्या हरकती व सूचनांचा विचार करायचा आणि मग अंतिम नियम राजपत्रात द्यायचा. यात मसुद्यामागचा पुरावा द्यावा असे कुठेच म्हटलेले नाही. त्यामुळे हरकतदाराला नियम दिसतो, त्यामागचे गणित दिसत नाही. परिणाम मूल्यांकनाचे काम नेमके इथून सुरू होते.

कारणांची वाटणी

मूल्यांकनात सर्वांत जास्त चुका लाभाच्या रकान्यात होतात आणि त्यांचे मूळ बहुधा एकच असते: एखाद्या त्रासाची अनेक कारणे असताना तो सगळा एकाच घटकाच्या माथी मारला जातो. याचे ठळक उदाहरण कॉल ड्रॉपचे आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१५ मध्ये विनियम केला की कॉल तुटल्यास कंपनीने ग्राहकाला १ रुपया द्यावा, दिवसाला जास्तीत जास्त ३ वेळा. प्राधिकरणाच्याच तांत्रिक टिपणात मात्र तुटणाऱ्या कॉलपैकी सरासरी ३६.९ टक्के ग्राहकाच्या बाजूच्या कारणांनी तुटतात असे नोंदवले होते. म्हणजे दोष वाटलेला, भरपाई शंभर टक्के एकाकडून. शिवाय सेवेच्या दर्जाच्या विनियमांनी २ टक्क्यांपर्यंत कॉल तुटणे मान्य केले होते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये तो विनियम उघडपणे मनमानी ठरवून रद्द केला. प्राधिकरणाच्या कायद्याच्या कलम ११(४) मध्ये पारदर्शकतेचे बंधन आहे, तेही पाळले गेले नाही असे न्यायालय म्हणाले. सल्लामसलत झाली होती, पण आलेल्या आक्षेपांना सकारण उत्तर नव्हते.

नागपूरचे एक मांडलेले उदाहरण

समजा, गांधीबाग-इतवारी भागातल्या प्रत्येक सावजी भोजनालयाला आणि तर्री-पोह्याच्या ठेल्याला सांडपाण्यातले तेल व चरबी अडवणारा ग्रीज ट्रॅप बसवणे सक्तीचे करणारी उपविधी करायची आहे. कारण दिले आहे ते चोकअप होणाऱ्या गडर लाइनचे. पुढचे सर्व आकडे गणित समजावे म्हणून मानलेले आहेत.

वर्षाला चोकअपच्या १,२०० तक्रारी, एक चोकअप काढायला सगळे धरून ६,००० रुपये, ट्रॅपने त्यातले ८० टक्के टळतील असा अंदाज. भोजनालये ६००. छोटा ट्रॅप ९,००० रुपयांचा, पाच वर्षे टिकणारा, म्हणजे वर्षाला १,८००, आणि सफाई महिन्याला ३००. एकूण वर्षाला ५,४०० रुपये प्रत्येकी, सर्वांचे मिळून ३२.४ लाख. लाभ ५७.६ लाख. टिपणी मंजूर व्हायला एवढे पुरते.

आता तक्रारवही बाजूला ठेवून चेंबर उघडून बघा. चोकअप काढताना निघालेला माल कर्मचाऱ्याने नोंदवला, तर समजा २४० ठिकाणीच चरबीचा पांढुरका थर होता. उरलेल्या ठिकाणी पन्नी, गाळ, झाडाची मुळे, खचलेला पाइप. लाभ लगेच ११.५ लाखांवर येतो, खर्च ३२.४ लाखच राहतो. सरसकट सक्ती इथेच गळून पडते. पण त्या २४० पैकी १८० चोकअप ९० मोठ्या स्वयंपाकघरांच्या खालच्या लाइनवर असतील, तर नियम त्यांच्यापुरता करता येतो. त्यांना मोठा ट्रॅप लागेल: १५,००० रुपयांचा, वर्षाला ३,००० आणि सफाईचे ६,०००. एकूण खर्च ८.१ लाख, लाभ ८.६४ लाख. फरक नावापुरता आहे. अशा वेळी रस्त्यावर वाहणारे मैलापाणी आणि नाग नदीत जाणारी घाण हे पैशात न मांडलेले लाभ वेगळे, शब्दांत लिहावेत. आकडा फुगवून ते आत दडवू नयेत.

ही नोंद किमान एक पूर्ण वर्षाची हवी. हिवाळ्याच्या रात्री चरबी पाइपात लवकर थिजते, पावसाळ्यात गाळ आणि पन्नीमुळे लाइन तुंबते. फक्त डिसेंबरच्या नोंदी घेतल्या तर ग्रीज सगळीकडे दिसेल, फक्त जुलैच्या घेतल्या तर कुठेच नाही.

दुसरी चूक अंमलबजावणीच्या रकान्यात होते. ट्रॅपमध्ये पाणी संथ व थंड झाले तरच तेल वर तरंगते आणि कचरा तळाशी बसतो. वरचा थर आणि तळाचा गाळ मिळून खोलीच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत आले की सफाई करावी, असा प्रचलित दंडक आहे. सफाई झालीच नाही, तर तेल सरळ पुढे जाते. मग वर्षाचे २.७ लाख ट्रॅपवर खर्च होतात आणि लाभ शून्य. म्हणून मूल्यांकनात ट्रॅप बसवल्याचे प्रमाणपत्र मोजून भागत नाही. काढलेली चरबी कुठे टाकायची, तिची पावती कोण देणार आणि निरीक्षक किती, हे लिहावे लागते. टाकायला जागाच दिली नसेल, तर ती रात्री त्याच चेंबरमध्ये जाईल.

हरकती व सूचना

आलेल्या प्रत्येक हरकतीचा तक्ता करावा: मुद्दा, त्याचा पुरावा, निर्णय, निर्णयाचे कारण. 'हरकतींचा विचार करण्यात आला' एवढीच ओळ असेल, तर विचार झाला की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. संघटना हरकत घेते, ठेलेवाला सहसा घेत नाही. त्याच्याकडे जाऊन विचारावे लागते. प्रसिद्धीची भाषाही गौण नाही. गोध्राच्या बाजार समितीच्या प्रकरणात कायद्याने सांगितलेली गुजराती वृत्तपत्रातील प्रसिद्धी झाली नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये अधिसूचना अवैध ठरवली. हरकतींनंतर मसुदा मुळातच बदलला, जसे ९० ऐवजी पुन्हा ६०० जणांवर सक्ती आली, तर तो नव्याने प्रसिद्ध करणेच सुरक्षित.

न्यायालयीन मर्यादा

मूळ कायद्यात पारदर्शकतेचे किंवा पूर्वप्रसिद्धीचे बंधन नसेल, तर नियम करणे हे विधायी काम मानले जाते आणि सुनावणीचा हक्क आपोआप मिळत नाही. कलम २३ खालचा नियम राजपत्रात आला की तो रीतसर झाल्याचा निर्णायक पुरावा ठरतो, म्हणून केवळ प्रक्रियेतल्या उणिवेवर तो पाडणे अवघड असते. मनमानीचा आणि मूळ कायद्याबाहेर जाण्याचा आक्षेप मात्र खुला राहतो. विधिमंडळासमोर नियम ठेवण्याची तरतूद सहसा एकूण ३० दिवसांची, एक किंवा लागोपाठच्या अधिवेशनांत विभागलेली असते. नागपूरचे हिवाळी अधिवेशन बहुधा एक-दोन आठवड्यांत आटोपते, त्यामुळे डिसेंबरमध्ये ठेवलेल्या नियमाची मुदत मुंबईतल्या पुढच्या अधिवेशनात पुरी होते.

फेरतपासणी

उपविधीतच दोन वर्षांनी फेरमोजणीचे कलम घालता येते. त्यासाठी पहिल्या नोंदीतील चेंबर क्रमांक जपून ठेवावे लागतात, कारण तेच चेंबर, त्याच महिन्यांत, त्याच पद्धतीने उघडल्याखेरीज १८० चे किती उरले ते कळत नाही. ट्रॅप न लागलेल्या काही गल्ल्यांचे चेंबरही सोबत मोजावेत. तिथेही चोकअप तेवढेच घटले असतील, तर ती घट नव्या पाइपांमुळे असू शकते.